मास्कच्या कडेची फट

करोनाच्या साथीनंतर मास्कविषयी एक मत सुशिक्षित वर्तुळातही बरेच रुजले आहे. विषाणूचा आकार एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, दहाव्या हिश्श्याएवढा असतो आणि मास्कची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी असतात, तेव्हा मास्कने विषाणू अडणे शक्यच नाही, असा या मताचा पहिला आधार आहे. सर्जिकल मास्क आणि एन-९५ यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत ठळक फरक आढळला नाही, हा दुसरा आधार. आणि त्यावरून सर्व मास्क सारखेच, म्हणून सारखेच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढला जातो. यातला पहिला आधार भौतिकशास्त्राच्या कसोटीवर चुकीचा आहे. दुसरा आधार वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. या मताचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे, कारण त्याचा परिणाम वर्तमानपत्री वादापुरता राहत नाही. रुग्णालयाने परिचारिकांसाठी काय विकत घ्यावे आणि कर्करोगावरील उपचार घेणाऱ्या रुग्णाने दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात तोंडावर काय बांधावे, हे त्यावरून ठरते.

प्रथम छिद्रांविषयी. या युक्तिवादात मास्कला चाळणी मानलेले असते: भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान कण निसटतो. धाग्यांच्या गाळणीचे काम असे चालत नाही. रेस्पिरेटरचा, म्हणजे श्वास गाळण्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसेल असा घडवलेल्या साधनाचा, मधला थर पॉलिप्रॉपिलीन वितळवून, गरम हवेच्या झोताने त्याचे अतिसूक्ष्म तंतू ओढून बनवलेला असतो. त्या तंतूंच्या अस्ताव्यस्त जाळ्यातून हवा वळणे घेत जाते. मोठे कण स्वतःच्या वेगामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अगदी लहान कणांना हवेचे रेणू सतत ढकलत असल्याने ते सरळ न जाता सैरभैर भरकटतात, आणि त्या भरकटण्यातच तंतूला चिकटतात. म्हणजे आकार कमी झाला की निसटणे सोपे होते, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. त्या मर्यादेखाली कण जितका लहान तितका तो पकडला जाण्याची शक्यता वाढते. गाळण्यास सर्वांत अवघड कण या दोन टोकांच्या मध्ये असतात. साध्या तंतूंच्या गाळणीत हा आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो. रेस्पिरेटरच्या तंतूंवर मात्र कारखान्यात कायमस्वरूपी विद्युतभार बसवलेला असतो आणि तो कणांना ओढून घेतो, त्यामुळे अशा गाळणीत सर्वांत अवघड आकार आणखी खाली, ०.१ मायक्रॉनच्या किंवा त्याहून लहान पट्ट्यात सरकतो. मास्कचे समर्थकही ०.३ मायक्रॉनचा आकडा सरसकट सांगतात, तेव्हा ते पूर्ण अचूक नसते.

शिवाय विषाणू हवेत एकटा उघडा फिरत नाही. श्वासातून, बोलण्यातून आणि खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या कणांत क्षार, प्रथिने आणि श्लेष्मा यांच्याबरोबर तो असतो. पाणी उडून गेल्यावरही हा कण नुसत्या विषाणूपेक्षा मोठाच राहतो. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेच्या एन-९५ चाचणीत मिठाचे जे कण वापरतात त्यांचा मध्य आकार, संख्येने मोजल्यास, सुमारे ०.०७५ मायक्रॉन असतो. मिनिटाला ८५ लिटर, म्हणजे जड श्रम करणाऱ्या माणसाच्या श्वासाइतक्या वेगाने हवा ओढूनही त्यांतील निदान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, अशी अट आहे. म्हणजे ही चाचणी नुसत्या विषाणूहूनही लहान कणांवर घेतली जाते. ‘विषाणू मास्कमधून आरपार जातो’ हे विधान रेस्पिरेटरच्या गाळणीबाबत टिकत नाही.

मात्र ही कसोटी गाळणीच्या द्रव्याची आहे, चेहऱ्यावर लावलेल्या साधनाची नाही, आणि सगळा गोंधळ येथून सुरू होतो. सर्जिकल मास्कच्या कसोटीत तर चेहऱ्याचा संबंध त्याहूनही कमी आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या तोंडातील थेंब रुग्णाच्या उघड्या जखमेत पडू नयेत आणि रुग्णाच्या रक्ताचा फवारा शल्यविशारदाच्या तोंडावर उडू नये, हे त्या मास्कचे मूळ काम. त्याची जीवाणू-गाळण कसोटी सुमारे तीन मायक्रॉन आकाराच्या, जीवाणू असलेल्या थेंबांवर घेतली जाते, आणि त्यासाठी मास्कचा तुकडा यंत्रात चारही बाजूंनी पकडलेला असतो. खोक्यावर ९८ किंवा ९९ टक्के असा आकडा छापलेला असतो तो या तुकड्याचा. तो मास्क गालावर नीट टेकतो की नाही, हे त्या कसोटीत कोणी विचारलेलेच नसते. कापडी मास्कला तर बहुतेक ठिकाणी अशी कोणतीही सक्तीची कसोटी नव्हती.

हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. मास्क घातलेल्या माणसाने श्वास ओढला की एक वाट गाळणीतून असते आणि दुसरी नाकाच्या दोन्ही बाजूंच्या, गालांवरच्या आणि हनुवटीखालच्या फटींतून. फटीतून शिरलेली हवा गाळली जात नाही. श्वसनातून पसरणारे सूक्ष्म कण या हवेबरोबरच वाहतात, म्हणून फटीतून जितकी हवा आत जाईल जवळजवळ तितक्या प्रमाणात कणही आत जातात. खाली मांडलेला हिशेब उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांचा आहे, पण त्यातील नाते खरे आहे. श्वासाबरोबर शंभर कण येत आहेत आणि गाळणी ९५ टक्के कण अडवते, असे धरले, तर दोन टक्के हवा फटीतून गेल्यास सुमारे सात कण आत पोचतात. दहा टक्के हवा फटीतून गेली, तर साडेचौदा पोचतात. तीस टक्के गेली, तर साडेतेहतीस. आता याच तीस टक्के गळतीच्या मास्कला ९५ ऐवजी ९९ टक्क्यांची महागडी गाळणी बसवली, तरी आत पोचणारे कण एकतीसच्या खाली जेमतेम येतात. उलट जुनीच गाळणी ठेवून गळती तीसवरून दहावर आणली, तर ते निम्म्याहून खाली येतात. गाळणी एका पातळीपर्यंत चांगली झाली की पुढे सगळे काही फटीवर ठरते.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे, कारण काही उत्साही मंडळी फिटिंगलाच सर्वस्व मानतात. तीस टक्के कण अडवणारे कापड घेतले आणि ते अगदी व्यवस्थित बसवून गळती दहा टक्क्यांवर आणली, तरी शंभरातले त्र्याहत्तर कण आत जातातच. वाईट कापडाला फिटिंग वाचवू शकत नाही. कापडाचे थर वाढवत नेले, तर आणखी एक अडचण येते: गाळण थोडी सुधारते, पण श्वासाला अडथळा वाढतो, आणि कडा सैल असतील तर जास्तीची हवा गाळणी सोडून फटीकडे वळते. रेस्पिरेटरच्या मधल्या थरातील विद्युतभाराचे मोल येथे कळते. त्यामुळे गाळणी विरळ ठेवूनही कण अडतात, श्वास सहज चालतो आणि हवेला फट शोधण्याचे कारण फारसे उरत नाही. हा भार साबणाने किंवा अल्कोहोलने धुतल्यास नष्ट होतो. दुसऱ्या लाटेत पुष्कळ घरांत एन-९५ धुऊन वाळत घातले जात होते. ते दिसायला स्वच्छ होते, पण त्यांची गाळण्याची शक्ती बरीचशी गेलेली होती.

फिटिंगचा परिणाम नुसत्या हिशेबातच दिसतो असे नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०२० साली मिठाचे सूक्ष्म कण सोडलेल्या बंद खोलीत, मास्क घातलेल्या व्यक्तीच्या तोंडाजवळची हवा मोजण्यात आली. डोक्यामागे नाड्यांनी बांधायच्या सर्जिकल मास्कने ७१.५ टक्के कण अडवले, तर कानांत अडकवायच्या तशाच मास्कने ३८.१ टक्के, नीट बसलेल्या एन-९५ ने ९५ टक्क्यांहून अधिक. ही मोजणी मोजक्याच व्यक्तींवर झाली होती, त्यामुळे हे नेमके आकडे प्रत्येक चेहऱ्याला लागू धरता येणार नाहीत. पण एकाच वर्गातील दोन मास्कमध्ये बांधण्याच्या पद्धतीबरोबर संरक्षण जवळजवळ निम्म्यावर येते, हे ‘सर्जिकल मास्क इतके टक्के काम करतो’ अशा सरसकट विधानाला पुरेसे उत्तर आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुतळ्यांवर केलेल्या आणि २०२१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कृत्रिम खोकल्याचे सुमारे निम्मेच कण एकट्या सर्जिकल मास्कने अडले, मात्र त्यावर घट्ट कापडी मास्क चढवल्यावर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. वरच्या कापडाने स्वतः फार गाळले असे नव्हे. त्याने खालच्या मास्कच्या कडा गालांवर दाबून धरल्या.

बाहेर पडणाऱ्या कणांबाबतही हेच दिसते. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करोनाबाधित स्वयंसेवकांच्या श्वासातील विषाणू मास्कसह आणि मास्कविना मोजले. चोचीच्या आकाराच्या एन-९५ ने बाहेर पडणारा विषाणू ९८ टक्क्यांनी घटवला. त्या अभ्यासातील केएन-९५ आणि सर्जिकल मास्क या दोहोंपेक्षा मात्र कापडी मास्क सरस ठरले. केएन-९५ चे द्रव्य कापडापेक्षा चांगले असूनही असे घडले, याचा उलगडा चेहऱ्यावरच्या बसण्यातूनच होतो. ‘कापडी सर्वांत वाईट, सर्जिकल मध्यम, एन-९५ उत्तम’ ही पाठ केलेली उतरंड द्रव्याच्या बाबतीत बहुतांशी खरी आहे, पण चेहऱ्यावर ती उलटू शकते.

म्हणून ज्या देशांत रेस्पिरेटर हे कामगार-सुरक्षेचे साधन मानले जाते, तेथे ते देण्याआधी फिट टेस्ट घेण्याचा कायदा आहे. त्याची साधी पद्धत अशी: कामगाराच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवून त्यात सॅकरिनचा गोड किंवा एखाद्या कडू द्रव्याचा बारीक फवारा सोडतात. ती चव त्याला मुळात कळते की नाही, हे आधी मास्कशिवाय तपासून घेतलेले असते. मग रेस्पिरेटर घालून त्याला नेहमीसारखा आणि खोल श्वास घ्यायला, मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली करायला, मोठ्याने बोलायला आणि वाकायला सांगतात. यांपैकी कोणत्याही क्षणी चव लागली, तर तो रेस्पिरेटर त्या माणसासाठी बाद. यंत्राच्या पद्धतीत बाहेरचे आणि आतले कण मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, आणि अमेरिकी नियमानुसार बाहेरचे कण आतल्यांच्या निदान शंभर पट असावे लागतात. याशिवाय प्रत्येक वेळी रेस्पिरेटर चढवल्यावर दोन्ही हातांनी तो झाकून जोरात श्वास सोडायचा आणि डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा लागते का ते पाहायचे. चष्म्याच्या काचा धुरकटत असतील, तर नाकाशी फट आहे, हे वेगळ्या यंत्राशिवाय कळते. दाढीचे खुंट कडेखाली आल्यासही कड त्वचेला घट्ट टेकत नाही. एका कंपनीचा एकच आकार सर्व चेहऱ्यांना बसत नाही, आणि लहान चेहऱ्याच्या स्त्रियांना याचा फटका अधिक बसतो. रुग्णालयातील परिचारिका बहुसंख्येने स्त्रियाच असतात, हे लक्षात घेतले की या तपशिलाचे वजन कळते.

आता दुसऱ्या आधाराकडे, म्हणजे चाचण्यांकडे वळले पाहिजे, कारण विरोधकांची खरी ताकद तेथे आहे. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधील २९ आरोग्यसंस्थांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्जिकल मास्क वापरणाऱ्या ४९७ कर्मचाऱ्यांपैकी ५२ जणांना, तर एन-९५ वापरणाऱ्या ५०७ पैकी ४७ जणांना करोना झाला. फरक नगण्य आहे, असे यावरून सांगितले जाते. पण या चाचणीने नेमके काय तपासले? रुग्णाची शुश्रूषा करताना अमुक मास्क वापरा, ही सूचना. कर्मचारी घरी, जेवणाच्या खोलीत, बसमध्ये ज्या हवेत श्वास घेत होता ती या सूचनेच्या बाहेर होती. एखाद्या परिचारिकेच्या एकूण संसर्गजोखमीचे शंभर भाग केले आणि त्यांतले तीसच रुग्णाजवळचे, उरलेले सत्तर इतरत्रचे, असे धरले. रुग्णाजवळही मास्क तीनपैकी दोन वेळाच नीट असतो, असे धरले. आणि सर्जिकल मास्क निम्मे कण आत सोडतो तर एन-९५ फक्त दहावा हिस्सा, असे मानले, तर सर्जिकल मास्क घालणारीची एकूण जोखीम नव्वद भाग उरते आणि एन-९५ घालणारीची ब्याऐंशी. चेहऱ्यावरचा पाचपटीचा फरक एकूण जोखमीत जेमतेम नऊ टक्क्यांचा होतो, आणि हजारभर माणसांच्या चाचणीत तो पन्नासाच्या जागी पंचेचाळीस-सेहेचाळीस रुग्ण एवढाच दिसेल.

या आकड्यांचे प्रत्यक्ष निकालाशी असलेले साम्य हा पुरावा नव्हे, आणि तसा दावा येथे नाही. मुद्दा एवढाच की असा निकाल ‘एन-९५ जास्त गाळतो’ या विधानाच्या विरुद्ध जात नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. चाचणीचा सांख्यिकी पल्लाही तेच सांगतो. सर्जिकल मास्कची जोखीम एन-९५ च्या ०.७७ पटीपासून १.६९ पटीपर्यंत कुठेही असू शकते, एवढेच तिने सिद्ध केले. ६९ टक्के अधिक धोक्याची शक्यता ज्या निकालाने नाकारलेली नाही, त्याला ‘दोन्ही सारखे’ असे नाव देणे हा वाचनाचा दोष आहे. उलट बीजिंगमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळीभर सतत एन-९५ घालणाऱ्यांत श्वसनविकाराची लक्षणे ७.२ टक्के, केवळ जोखमीच्या कामापुरता घालणाऱ्यांत ११.८ टक्के आणि सर्जिकल मास्क घालणाऱ्यांत १७ टक्के आढळली. लक्षणांवरून ठरवलेला आजार हा प्रयोगशाळेतील निदानाइतका भक्कम निकष नसतो, पण साधन कधी घातले यावर परिणाम ठरतो, हे त्यातून दिसते.

सर्वसामान्य लोकांतील चाचण्यांविषयी थोडक्यात एवढे सांगता येईल की त्यांनी मास्कची नव्हे, तर मास्क घालण्याच्या आवाहनाची परीक्षा घेतली. डेन्मार्कमधील २०२० च्या चाचणीत सूचनेप्रमाणे मास्क घातल्याचे निम्म्याहून कमी लोकांनी सांगितले. बांगलादेशातील ६०० गावांच्या चाचणीत मास्कचा वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला, तर कापडी मास्कच्या गावांत स्पष्ट फरक दिसला नाही. अर्ध्याहून अधिक लोक मास्क घालतच नाहीत, आणि घालतात ते सैल, अशा स्थितीत याहून मोठा परिणाम दिसता तरच नवल होते. २०२३ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यावरून ‘मास्क निकामी ठरले’ असे मथळे झळकले, तेव्हा संस्थेच्या मुख्य संपादिका कार्ला सोआरेस-वायझर यांनी स्वतः निवेदन काढून हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा असल्याचे, आणि निष्कर्ष अनिर्णित असल्याचे स्पष्ट केले.

तरीही विरोधी मताला बळ कोठून मिळाले, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर शासनाच्या धोरणाकडे बोट दाखवावे लागते. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये मास्क सक्तीचा झाला आणि महाराष्ट्रातील सक्ती २ एप्रिल २०२२ ला उठली. सुरुवातीला रेस्पिरेटरचा तुटवडा होता, तेव्हा कापडाला पर्याय नव्हता, हे मान्य. पण तुटवडा सरल्यावरही दंडाची पावती फाडणाऱ्याच्या लेखी एकाच थराची ओढणी आणि चेहऱ्याला बसलेला एन-९५ सारखेच राहिले. समुद्रकिनाऱ्यावर एकट्याने चालणाऱ्याला मास्क हवा आणि बंद उपाहारगृहात बसल्यावर तो काढता येतो, असे नियम लोकांनी पाहिले. ज्या साधनाची उपयुक्तता द्रव्य, फिटिंग आणि वापराचे ठिकाण या तिन्हींवर अवलंबून आहे, त्याला होय-नाहीचा प्रश्न बनवल्यावर लोकांनी आपल्या अनुभवावरून ‘नाही’ असे उत्तर दिले, तर त्यांना अडाणी ठरवता येत नाही. चूक दोन्ही बाजूंनी एकच केली: तोंडावर काहीतरी आहे की नाही, एवढेच पाहिले.

रुग्णालयांच्या खरेदी समित्यांनी म्हणून निविदेत गाळणीच्या टक्केवारीबरोबर निदान दोन-तीन वेगवेगळ्या आकारांची अट घालावी, कानांच्या दोऱ्यांऐवजी डोक्यामागून जाणारे पट्टे मागावेत, आणि क्षयरोग किंवा श्वसनविकारांच्या कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा फिट टेस्ट करावी. सॅकरिनच्या फवाऱ्याची पद्धत जिल्हा रुग्णालयालाही परवडण्यासारखी आहे. ज्याला घरातील वृद्धाच्या किंवा स्वतःच्या आजारामुळे गर्दीच्या बंद जागेत संरक्षण हवे आहे, त्याने डोक्यामागून पट्टे जाणारा प्रमाणित रेस्पिरेटर घ्यावा, नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी आणि बाहेर पडण्यापूर्वी एकदा जोरात श्वास सोडून कडेला हवा लागते का ते तपासावे. सर्जिकल मास्कच उपलब्ध असेल, तर त्याच्या दोऱ्यांना कडेजवळ गाठ मारून बाजूच्या चुण्या आत दुमडाव्यात.